अनुभव धागा : रात्री दवाखान्यातून आलेला (किंवा न आलेला) मेसेज

रात्रपाळीची सिस्टर, बेळगाव
सुरुवात मीच करते. आमची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ, फोन आधी लॉकरमध्ये असायचा. नातेवाईकांसाठी वेगळ्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलंय. त्यात आपोआप जाणारा गैरहजेरीचा मेसेज लावता येतो, वेळ ठरवून. आधी मी लिहिलं होतं, 'काळजी करू नका, पेशंट बरा आहे.' एका रात्री पेशंटला धाप लागली, आम्ही ऑक्सिजन लावत होतो, आणि तिकडे त्याच्या भावाला 'बरा आहे' गेलं. सकाळी त्याच्याकडे बघवेना. मग बदललं:

'मी वॉर्डात आहे, फोन जवळ नाही. काही कमीजास्त झालं तर आम्ही लगेच फाईलवरच्या नंबरला फोन करतो. घाई असेल तर वॉर्डच्या फोनवर बोला. मी सकाळी आठनंतर लिहीन.' खाली तेच कन्नडमध्ये.

गेल्या महिन्यात एका आज्जींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. लेक खानापूरकडं, शेवटची बस चुकलेली. सकाळी फोन उघडला तर त्याचे तीन मेसेज.
१:४० 'आईचा ताप उतरला काय?'
१:४२ 'फाईलवर माझाच नंबर आहे न्हवं?'
१:४३ 'हाय की. मीच सांगितल्याला. झोपतो.'
पहिल्या दोन मेसेजांच्या मध्ये माझा हा मेसेज गेला होता. ताप दोनच्या राऊंडला उतरला, पण हे त्याला आठनंतरच कळलं.

निपाणीवाला
अहो सिस्टर, तो मेसेज चौदा दिवसांतून एकदाच जातो. रोज कसा जाईल?

मोबाइल दुकानदार, चिकोडी
चौदा दिवसांचं ते स्वागताच्या मेसेजचं, दादा. गैरहजेरीचा वेगळा. मात्र फोनला नेट पाहिजे. लॉकरमध्ये रेंज नसेल तर काहीच जात नाही, ग्रुपमध्येही जात नाही. घरच्या दुसऱ्या नंबरवरून एकदा मेसेज टाकून बघा.

सिस्टर
आमच्या लोखंडी कपाटात हेच झालं होतं. आता फोन चार्जिंगला बाहेर असतो.

चंदगडची सून
मला तर लाइटच्या तक्रारीला असाच मेसेज आला, 'तक्रार नोंदवली आहे.' लाइट दोन दिवसांनी आली!

निवृत्त मेट्रन
मेसेजपेक्षा फाईलवरचा नंबर बघा. अॅडमिशनला घाईत घरच्या जुन्या सिमचा नंबर पडतो, आणि तो बंद असतो. मी पेशंट वॉर्डात आला की त्या नंबरला मिस्ड कॉल देऊन नातेवाईकाच्या खिशात वाजतो का बघायची. तो वाजल्याशिवाय 'आम्ही फोन करतो' लिहू नये. आणि स्वतःचा नंबर द्यावा का, हे मला अजून पटलेलं नाही.

सिस्टर
पटतं मॅडम. पण वॉर्डचा फोन रात्री एकदा उचलला की पंधरा मिनिटं जातात, आणि बेड तीस.

निपाणीवाला
माझ्या मामांच्या फाईलवर कुणाचा नंबर आहे, आत्ताच विचारतो.