मदत हवी आहे: गोषवारा आणि आतला पेपर जुळत नाही

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर कामगंध सापळ्यांचा अभ्यास केला, आता पेपर पाठवायचाय. गोषवारा सरांनी परिषदेसाठी आधीच लिहिला होता. त्यातलं एकेक वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून आतल्या तक्त्यात शोधतोय, तर दोन ठिकाणी अडलोय.

गोषवाऱ्यात ‘६० शेतं’ आहे. निवडली ६०च, पण आठ जणांनी मधेच कपाशी उपटून हरभरा पेरला (आमच्याकडे हे चालतंच). म्हणजे निकालाचा तक्ता ५२ शेतांचा. टक्केवारी ५२ वरची, आकडा मात्र ६० चा. दोन्ही द्यायचे का? शब्दमर्यादा २५० आहे.

दुसरं जास्त खुपतं. मुख्य मोजमाप उत्पादन, असं पद्धतीत लिहिलंय. ते थोडं वाढलं, पण पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर. किडकी बोंडं मात्र खरंच कमी झाली. गोषवाऱ्यात फक्त बोंडांचंच आलंय, उत्पादनाचा उल्लेखच नाही. एकही आकडा खोटा नाही, तरी फक्त गोषवारा वाचणाऱ्याचा समज चुकीचाच होणार. माझ्या मते उत्पादनाचं वाक्य आधी यावं. सर म्हणतात, तक्त्यात आहे ना. पेपर तपासणारं कोणी इथे असेल तर सांगा, हे सरांपुढे कसं मांडू?