पात्रं खोटी, मग डोळ्यांतलं पाणी खरं कसं?

अनुजा
समोरचं सगळं रचलेलं आहे हे पक्कं ठाऊक असताना सिनेमात रडू का येतं? तेवढा वेळ आपण ते खरं मानतो, की ते रडणंच खरं नसतं? यातलं वाचलेल्यांनी मत द्यावं.

तिसरी घंटा
आपल्याला तेवढ्यापुरता विसर पडतो. काळोख, मोठा पडदा, संगीत, सगळी योजना त्यासाठीच असते. शेजारच्याचा मोबाइल वाजला की आपण भानावर येतो आणि रडू थांबतं, हाच त्याचा पुरावा.

चर्वणा
खरोखर विसर पडला असता तर कोणीतरी डॉक्टरला बोलवायला उठलं असतं. मोबाइलने मोडतं ते लक्ष. 'हे खोटं आहे' ही जाणीव आधीपासून असतेच.

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी अडीचशेहून जास्त चित्रपट तपासले, त्यांतले निवडक तुकडे 494 जणांना दाखवले आणि प्रत्येक भावनेसाठी दोन सर्वांत परिणामकारक तुकडे ठरवले. हे 1995 साली प्रसिद्ध झालं. दुःखासाठीचा एक तुकडा 'द चॅम्प' (1979) मधला: मुष्टियोद्धा बाप मरतो आणि लहान मुलगा त्याला उठवत राहतो. दुसरा 'बॅम्बी' (1942) मधला, म्हणजे चक्क हाताने काढलेलं हरणाचं पाडस. बोलणारं हरीण खरं आहे असं कोणाला वाटेल?

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आपल्याला कळून चुकलेलं असतं आणि लेकराने ते अजून मानलेलं नसतं. 'बॅम्बी'त तर आईचं मरण दाखवतच नाहीत. गोळीचा आवाज येतो आणि पाडस हाका मारत फिरतं. आपलं जाणणं आणि त्याचं न जाणणं यांतलं अंतर जितका वेळ ताणलं जातं, तितके डोळे भरतात. माझ्या मते विसर पडण्यापेक्षा या अंतराचं काम मोठं आहे.

सरळ रेषा
रडू कसं आणतात ते कळलं, पण ते रास्त आहे का? तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्डने 1975 मध्ये हाच पेच मांडला. समजा, कोणी आपल्या बहिणीची भयंकर हकिगत सांगितली, तुम्ही हळहळलात, आणि मग तो म्हणाला, "मला बहीणच नाही." हळहळ तिथेच विरते. म्हणजे दुःखाला विश्वास लागतो. सिनेमात विश्वास नसून दुःख होतं, तर आपण विसंगत वागतो. रॅडफर्डने ते सरळ कबूल केलं, आणि मला तेच प्रामाणिक वाटतं.

चर्वणा
बहिणीची हकिगत बातमी म्हणून सांगितली होती. तिथे फसवलं गेल्याचा राग येतो आणि तो हळहळ गिळून टाकतो. तोच माणूस आधी "एक गोष्ट सांगतो" म्हणाला असता तर शेवटी काही विरलं नसतं. गोष्टीत आपण घटनेचा विचार मनात धरतो आणि तेवढा विचार पुरतो.

सरळ रेषा
मग तत्त्वज्ञ केंडल वॉल्टनचं काय? 1978 मध्ये त्याने पडद्यावरच्या हिरव्या राक्षसी लगद्याला घाबरणाऱ्या प्रेक्षकाचं उदाहरण घेतलं. त्याची छाती धडधडते, पण तो पळत नाही. म्हणून ती खरी भीती नव्हे, मांडलेल्या खेळातली भीती.

चर्वणा
भीतीला ते लागू पडतं, कारण भीतीबरोबर पळणं आलं. शोकाबरोबर काय आलं? खऱ्या मृत्यूनंतरही गेलेल्या माणसासाठी करण्यासारखं काही उरत नाही. कृती दिसली नाही म्हणून शोक खोटा, असं म्हणता येणार नाही.

निशिगंध
पण नट तर ग्लिसरीन घालून रडतात ना? त्यांना काहीच वाटत नसेल तर ते आपल्यापर्यंत पोचतं कसं?

तिसरी घंटा
प्रश्न प्रेक्षकाच्या रडण्याचा आहे. तरी सांगते, नटाच्या अश्रूंवर फार काही अवलंबून नसतं. चेहरा जवळून दाखवायचा आणि नेहमीपेक्षा लांबवर धरून ठेवायचा. त्याआधी त्या पात्राबद्दल आपुलकी तयार झालेली हवी. ती नसेल तर तोच क्लोज-अप आणि तेच व्हायोलिन रडवेलं, ओढूनताणून आणलेलं वाटतं.

विदुला
वडील गेल्यापासून मला इस्पितळाचं दृश्य बघवत नाही, उठून जावं लागतं. हे या चर्चेत बसतं का?

चर्वणा
बसतं, आणि काश्मीरच्या अभिनवगुप्ताने, रसाची मीमांसा करणाऱ्या जुन्या आचार्याने, ते हेरलं होतं. रसाच्या, म्हणजे कलेतल्या भावनेचा आस्वाद घेण्याच्या, आड येणाऱ्या सात विघ्नांत पहिलं म्हणजे घटना संभवनीय न वाटणं. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकणं हेही त्यांतलंच. तुम्हाला होतं तो तुमचा शोक, करुण रस नव्हे. रसात दुःख 'माझं' किंवा 'त्याचं' असं राहत नाही, साधारण म्हणजे सगळ्यांचं होतं.

सरळ रेषा
हे मला पटत नाही. स्वतःचं कोणी गमावलेली माणसं पुष्कळदा नेमकी तशाच प्रसंगाला रडतात, आणि शेवटपर्यंत बसून बघतात. त्यांचं रडणं साधारण झालेलं की खाजगी, हे बाहेरून कसं ओळखणार? उठून जाणं ही एकच खूण असेल तर ती फार तोकडी आहे.

चर्वणा
उठून जाणं ही ठळक खूण, एकमेव नव्हे. दुसरी अशी: तो प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो का? रस असेल तर वाटतो. मात्र एकाच दृश्यात दोन्ही मिसळले तर काय, याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.