प्रोसेसर 34 टक्के, कार्ड 45 टक्के, मग गेम अडकतोय कुठे?

दापोलीकर_12
Cities: Skylines खेळतो, पहिलाच भाग. शहर मोठं झालं की 30 एफपीएसच्या वर जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 34 टक्के आणि ग्राफिक्स कार्ड 45 टक्के. i5-10400F आहे, RTX 3060 आहे, 16 जीबी रॅम. दुकानदार म्हणतो कार्ड बदला. दोन्ही अर्धे रिकामे असताना कार्ड बदलून काय होणार?

गुहागरचा गडी
कार्ड बदलू नकोस, पैसे वाचव. आणि प्रोसेसरपण बदलू नकोस, 34 टक्के म्हणजे 66 टक्के बाकी आहे, साधं गणित आहे. दोघांना काम पुरत नाहीये म्हणजे गेमच भंगार लिहिलाय. नाहीतर रॅम भरली असेल, या गेमला मॉड आणि असेट टाकले की रॅम खातो.

रत्नागिरीची पोर
साधं गणित आहे म्हणून तर फसतात लोक. 10400F मध्ये 6 कोर आणि 12 थ्रेड, टास्क मॅनेजर त्या बाराही जणांची सरासरी दाखवतो. म्हणजे एक थ्रेड पूर्ण घाम गाळत असला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा आठ टक्क्यांच्या जरा वर. काजूच्या कारखान्यात फोडायला बारा जणी बसल्यात पण भट्टीवर माणूस एकच, असं समज. भट्टी जेवढी सोडेल तेवढंच फुटणार, बाकीच्या हात बांधून बसणार आणि सरासरी काढली तर कारखाना रिकामा दिसणार. या गेमचा मुख्य थ्रेड तसाच आहे, प्रत्येक फ्रेमचं बरंचसं काम त्याच्याच गळ्यात.

म्हणून मी प्रोसेसरच्या टक्क्यांकडे बघतच नाही, कार्डाच्या बघते. एफपीएसला कुठलाही लगाम नसताना कार्ड 95 च्या वर असेल तर कार्ड अडतंय, आणि बरंच खाली असेल तर कार्डाला कोणीतरी वाट बघायला लावतंय.

गुहागरचा गडी
ठीक, पण मग एक तरी कोर 100 दिसायला हवा ना? आलेखावर राइट क्लिक करून Logical processors लावला की बारा चौकोन वेगळे दिसतात. माझ्याकडे अशाच गेममध्ये सगळ्यात वरचा 75 च्या आसपास असतो, 100 कधीच नाही. मग अडकला कोण?

रत्नागिरीची पोर
विंडोज त्या थ्रेडला एका कोरवर बसू देत नाही, सेकंदात कितीतरी वेळा इकडून तिकडे हलवतो, आणि चौकोनात दिसतो तो पूर्ण सेकंदाचा हिशोब. काम तेवढंच, पण दोन-तीन चौकोनांत वाटलेलं दिसतं. एखादा चौकोन 100 ला चिकटला तर पुरावा मिळाला म्हण, नाही चिकटला म्हणून प्रोसेसर सुटला असं मात्र नाही.

कुडाळचो बंड्या
माझो लॅपटॉप बघा रे कोणी. कार्ड 99 टक्के दाखवता आणि एफपीएस 22. मे महिन्यात तर हात लावाक नाय होत इतको तापता. तुमच्या हिशोबान माझा कार्ड कमी पडता, तर नवीन लॅपटॉप घेऊ काय?

सुपारीवाला_देवगड
बंड्या, धागा दुसऱ्याचा आहे पण तुझं उदाहरण कामाचं आहे. 99 टक्के म्हणजे कार्ड 99 टक्के वेळ कामात होतं, किती वेगाने काम करत होतं ते त्या आकड्यात येत नाही. MSI Afterburner मध्ये कार्डाचा क्लॉक लाव. खेळताना तो बराच खाली पडलेला दिसला तर कार्ड तापून किंवा वीज कमी मिळून मंद झालंय. लाईट गेली आणि बॅटरीवर खेळतोयस तर हेच होतं. आधी चार्जर लावून, मागची बाजू उचलून आणि जाळीतली धूळ काढून बघ.

आता दापोलीकर, तुझ्या प्रश्नात एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. तुझे 30 एफपीएस थेट 30 आहेत का 28, 33 असे हलतात? आणि व्हीसिंक चालू आहे का?

दापोलीकर_12
चालू आहे. मॉनिटर 60 हर्ट्झचा. नवीन रिकाम्या शहरात 60 वर गोठलेलं असतं आणि मोठ्या शहरात 30 वर. अगदी 30.

सुपारीवाला_देवगड
मग तू दिलेले दोन्ही आकडे आत्ता बिनकामाचे आहेत. साध्या व्हीसिंकमध्ये मशीनला 60 जमत नसलं की खालची पायरी थेट 30, मधे 40 जमत असले तरी देत नाही. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मॉनिटरची वाट बघत बसलेत आणि टक्के कमी दिसतायत. व्हीसिंक बंद कर, ड्रायव्हरमध्ये आणि RivaTuner मध्ये कुठे फ्रेम लिमिट लावली असेल तर तीपण काढ. मग त्याच शहरात, कॅमेरा त्याच चौकावर ठेवून, पहिल्यांदा 1080 वर आणि मग 720 वर आकडे घे. कॅमेरा हलला तर तुलना गेली.

दापोलीकर_12
केलं. मोठं शहर, 1080 वर 37 एफपीएस, कार्ड 52 टक्के, प्रोसेसर 36. 720 वर 38 एफपीएस, कार्ड 31. रिकाम्या शहरात 1080 वर एफपीएस 120 च्या वर गेला आणि कार्ड 97!

रत्नागिरीची पोर
बघ आता. पिक्सेल निम्म्याहून कमी केलेस आणि एफपीएस एकाने वाढला, कार्ड नुसतं आणखी रिकामं झालं. मोठ्या शहरात प्रोसेसरची बाजू अडतेय. रिकाम्या शहरात तेच मशीन कार्डावर अडतंय. त्यामुळे 'माझा पीसी सीपीयू बॉटलनेक आहे' असं सरसकट म्हणायला अर्थ नाही, कुठल्या गेममध्ये, कुठल्या जागी आणि कुठल्या सेटिंगवर ते सांगावं लागतं. दुकानदाराने सांगितलेलं कार्ड घेतलंस तर मोठ्या शहरात 37 चे 37 च राहतील.

गुहागरचा गडी
लगाम काढल्यावरही 36 च टक्के! म्हणजे टक्क्यांवरून प्रोसेसर कळत नाही हे मान्य. पण 'प्रोसेसरची बाजू' म्हणजे प्रोसेसरच असं कशावरून? 16 जीबी एका काडीत आहे का दोन? एकाच काडीवर चालत असेल तर प्रोसेसर रॅमची वाट बघतो, आणि ती वाट टास्क मॅनेजरला कामच वाटते. 720 च्या चाचणीत यातला फरक कळत नाही.

दापोलीकर_12
एकच काडी आहे. गेम चालू असताना 13 जीबी भरलेली दिसते.

सुपारीवाला_देवगड
हा मुद्दा बरोबर आहे गड्याचा. 13 भरली म्हणजे रॅम संपलेली नाही, संपली असती तर डिस्क धडपडली असती आणि मधे मधे झटके बसले असते, एकसारखे 37 मिळाले नसते. पण एका काडीने रॅमचा डेटा पोचवायचा वेग अर्धा पडतो हे खरं. दुसरी काडी टाकून बघण्यासारखं आहे, प्रोसेसर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

रत्नागिरीची पोर
टाकून बघ, पण 37 चे 60 होतील या आशेवर नको. मोठ्या शहरात त्या एका थ्रेडवरच इतकं काम साचतं की रॅमने थोडंफारच सुटेल असं माझं मत.

गुहागरचा गडी
थोडंफार म्हणजे किती ते काडी टाकल्यावरच कळेल, मी तरी 45 च्या पुढे जाईल म्हणतो.

दापोलीकर_12
चिपळूणला एकाकडे त्याच स्पीडची जुनी काडी आहे, रविवारी मागून आणतो आणि त्याच चौकावर कॅमेरा ठेवून आकडे टाकतो. व्हीसिंक बंद ठेवलं तर स्क्रीन मधून फाटल्यासारखी दिसते, त्याला काय करू?

सुपारीवाला_देवगड
चाचणीपुरतंच बंद ठेव. नंतर व्हीसिंक परत लाव, नाहीतर फाटणं चालत असेल तर RivaTuner मध्ये 36 वर लिमिट लाव. लिमिटने फाटणं जाणार नाही, पण चाल एकसारखी राहील. फक्त लिमिट लावल्यावर परत टक्के बघून इथे विचारायला येऊ नकोस.

कुडाळचो बंड्या
धूळ काढलंय, मेलो एक कोळी पण गावलो आत. 22 चे 31 झाले. क्लॉक खय बघूचो ता सांगा, माका तां सॉफ्टवेअर गावणा नाय.