शिफ्टच्या मध्येच ऑर्डर बदलली की लाईनवर सांगायचं कसं?

पल्पवाला_रत्नागिरी
आंबा पल्पचं छोटं युनिट, शिफ्ट दुपारी 2 ते रात्री 10. 3.1 किलोचे डबे भरणं चालू असताना चार वाजता मॅनेजरचा निरोप येतो, "उद्याच्या गाडीला 850 ग्रॅमचे 600 डबे पाहिजेत, ते आधी घ्या, बाकीचं राहू दे." लगेच सीमरवाला रोल काढायला घेतो, कापणाऱ्या बायका कापतच राहतात आणि 250 किलोची कढई तापलेली तशीच उभी. निरोप कसा द्यावा म्हणजे घोळ होणार नाही?

खाडीपलीकडचा
ग्रुपवर मेसेज टाका, झालं. लेखी पुरावा राहतो.

जुना_सुपरवायझर
पुरावा राहील, पण रसाने माखलेले हातमोजे घालून फोन बघणार कोण? मेसेज नोंदीपुरता ठेवा, काम तोंडी सांगूनच बदलतं.

खरा घोळ "राहू दे" मध्ये आहे. एकाला त्याचा अर्थ "करू नको" असा लागतो, दुसऱ्याला "आहे तसं चालू दे". "सोडा" त्याहून वाईट, कारण डिस्पॅचवाल्याच्या भाषेत लॉट सोडला म्हणजे माल गाडीवर चढला. तीनच शब्द ठरवा आणि फळ्यावर कायमचे रंगवून टाका: "बंद" म्हणजे आज परत घ्यायचं नाही, "पुरं करा" म्हणजे हातातलं संपवूनच हलायचं, आणि "थांबलेलं" म्हणजे परत घ्यायचं आहे, पण सांगितल्याशिवाय नाही.

आता तुमचीच केस. सांगण्याआधी 850 चे रिकामे डबे आणि झाकणं मोजून घ्या, नाहीतर अर्ध्या तासाने उलटा निरोप द्यावा लागतो आणि मग पुढच्या निरोपावर कोणी विश्वास ठेवत नाही. नंतर सगळ्यात आधी कापणीच्या टेबलावर जा, सीमरकडे सगळ्यात शेवटी. सीमर आधी थांबला की मागून फोडी येतच राहतात, मे महिन्याच्या उकाड्यात काळ्या पडतात, आंबतात. टेबलावर सांगायचं: "कापलेलं पल्परला द्या, नवीन आंबा थांबलेला." अख्खा पिका आंबा क्रेटमध्ये मोकळा ठेवला तर थोडा वेळ निघतो, पण क्रेटवर क्रेट रचू नका.

कढई मात्र "पुरं करा". तापलेला पल्प थांबवला की रंग उतरतो, शिजका वास येतो, आणि गार करून परत तापवला तर आणखी बिघडतो. 250 किलोत 3.1 चे साधारण 80 डबे होतात. ते भरून, बंद करून, उकळत्या पाण्यात गेले की मगच सीमरचे चक आणि रोल बदलायचे. झाकणावरचा कोडही तेव्हाच बदला, तो विसरला तर दोन्ही माल एकाच लॉटचा दिसतो. काल भरलेल्या डब्यांचं लेबलिंग आज बंद, ती माणसं 850 वर घ्या.

आकडाही पुरता सांगा. 600 डब्यांना 510 किलो पल्प लागतो. दोन कढयांत 588 डबेच होतात, वर पहिले दोन-तीन डबे सीम कापून बघण्यात जातात. म्हणजे तिसरी कढई थोडीशी लावावीच लागणार. ती किती भरायची हे आत्ताच सांगितलं नाही तर कोणीतरी पूर्ण भरतो आणि रात्री नऊला उरलेल्या पल्पचं करायचं काय हा प्रश्न उभा.

मालवणची_खानावळ
दादा, आमच्याकडे अचानक पर्यटकांची बस येते. ऑर्डरची सुरमई तळायला घेतलेली असते आणि शेठ म्हणतो आधी थाळ्या लावा. मग काय करायचं?

जुना_सुपरवायझर
ताई, तव्यावर पडलेली सुरमई तुमची कढई, ती पुरी करा. मसाला लावून ठेवलेली थांबवता येते. पण तुकडे किती आणि कुठल्या टेबलाचे, ते लिहून ठेवा.

मुकादम_आवशी
"समजलं काय गो?" असं विचारू नये. सगळ्या "हो" म्हणतात. "आता तुझ्या हातातल्या फोडींचं काय करशील?" असं विचारावं. उत्तर चुकलं की तिथेच कळतं. प्रत्येक टेबलावर एकीलाच विचारलं तरी पुरतं.

पल्पवाला_रत्नागिरी
थांबलेले क्रेट रात्रपाळीच्या लक्षात राहत नाहीत, त्याचं काय?

जुना_सुपरवायझर
कागद भिजतो. प्लास्टिकच्या टॅगवर मार्करने चार गोष्टी लिहा: किती क्रेट, किती वाजता थांबवले, कधीपर्यंत चालतील, परत सुरू करायला कोण सांगणार. चौथी गोष्ट नसेल तर सकाळी क्रेट तिथेच सापडतात, आंबे मऊ पडलेले. दहा वाजता टॅग हातात घेऊन नव्या इनचार्जबरोबर क्रेट मोजा.

खाडीपलीकडचा
हे सगळं मान्य. पण डिस्पॅचचा मॅनेजर म्हणतो 850 आणि प्रोडक्शनचा म्हणतो आधी 3.1 संपवा, तेव्हा मुकादमाने ऐकायचं कोणाचं?

मुकादम_आवशी
दोघांनी आपसात ठरवून एकानेच सांगायचं. तोवर आम्ही कढई पुरी करतो.

जुना_सुपरवायझर
कढई पुरी व्हायच्या आत ठरलं तर ठीक. पुढची लावायची वेळ आली तर माझ्या मते प्रोडक्शनचं ऐकावं, पण गाडी चुकल्यावर डिस्पॅचवाले हे ऐकून घेत नाहीत.