घरून प्रवेश परीक्षा, गाव कळंब तालुक्यात: दुसरं सिम कसं ठेवू?

धागाकर्ता: बहिणीची परीक्षा रविवारी १० ते १२, लॅपटॉपवर, कॅमेरा पूर्ण वेळ चालू. नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून. सराव चाचणीत ४० मिनिटांत ३०० एमबी गेले. पॅक रोज दीड जीबीचा. लाइट गेली की थोड्या वेळात रेंजही जाते, म्हणून दुसरं सिम घ्यायचंय. कसं करू?

रानातला_नेटवाला: सोपंय की. दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत टाका. एक गेलं की दुसरं चालू.

टॉवरदादा: कंपनी वेगळी हे बरोबर, पण त्याच फोनमध्ये नको. बहुतेक ड्युअल सिम फोनवर एका सिमवर कॉल घेतला की दुसऱ्याचा डेटा थांबतो. मामाचा फोन आला, बहिणीनं उचलला की कॅमेरा बंद! शिवाय डेटाचं सिम बदललं की नेट काही वेळ तुटतं. दुसरा फोन घ्या, हॉटस्पॉट आधीच चालू, लॅपटॉपला पासवर्ड माहीत.

हिशोब असा: ३०० एमबीला ४० मिनिटं, म्हणजे तासाला ४५०. आधीची तपासणी धरून अडीच तास, सव्वा जीबीच्या आत. पण पॅक रात्री १२ ला नवा होतो. सकाळी कुणी रील्स बघितल्या की खेळ संपला. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएस, त्यावर कॅमेरा चालत नाही. आदल्या दिवशीच जादा डेटाचं व्हाउचर टाका, आणि लॅपटॉपमध्ये Metered connection चालू करा, नाहीतर विंडोजचे अपडेट गपचूप डेटा खातील.

दोन कंपन्या म्हणजे दोन टॉवर असंही नाही. बऱ्याचदा एकाच टॉवरवर दोघांचे अँटेना असतात. परीक्षेआधी लाइट जाईल तेव्हा दोन्ही फोन हातात धरून रेंज बघा. दोन्हींची रेंज एकाच वेळी गेली तर दुसऱ्या सिमचा उपयोग शून्य.

परळीची_ताई: आमच्या पोराचं सेंटर लातूरला आलं होतं, ऐन वेळी एसटी चुकली. यांचं सेंटर कुठंय?

टॉवरदादा: ताई, यांची परीक्षा घरूनच आहे. आणि हो, ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम या आठवड्यात बदलू नका. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात.

धागाकर्ता: काल संध्याकाळी लाइट गेली तेव्हा बघितलं. जुनं सिम गेलं, शेजाऱ्याच्या फोनमधलं दुसऱ्या कंपनीचं टिकलं. त्याच कंपनीचं घेतो. पण ते टेबलापाशी अपलोड ०.४ एमबीपीएस दाखवतं, माडीवर २.

टॉवरदादा: मग टेबल माडीवर न्या. ४० मिनिटांत ३०० एमबी म्हणजे सरासरी १ एमबीपीएस लागतंय, त्यात अपलोड किती ते चाचणीत बघा. ०.४ वर कॅमेरा अडकू शकतो.

रानातला_नेटवाला: मधेच हॉटस्पॉट बदलला तर परीक्षेवाले बाहेर काढत नाहीत ना? काही ठिकाणी परत लॉगिन करावं लागतं म्हणतात.

धागाकर्ता: सूचनापत्रात काहीच लिहिलेलं नाही. हेल्पलाइनला ईमेल टाकलाय, अजून उत्तर नाही. कुणी असा बदल केलाय का?