मोठेबाबाची करवती अन् तिचा फोटो, आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

पिंकी: मोठेबाबाच्या मागावरची ती करवती साडी ऑनलाईन विकायले टाकून राहिली. फोटो अन् लिहिलेलं दोन्ही पाठवते, चुकलं असन तं आत्ताच सांगा, नंतर नको

पिंकी: 📷 "प्युअर सिल्क साडी, गोल्डन ऑरेंज कलर, रेड बॉर्डर, एकदम नवीन, काहीही डिफेक्ट नाही"

सुधाकाकू: वा मस्त दिसून राहिली, टाकून दे 👌

आत्या: ऑरेंज?? आपल्या घरी ऑरेंज कोसा कधी विणला वो बाप्पा

पिंकी: फोटोत तं तसाच दिसते ना आत्या

मोठेबाबा: रंगवलेला नाही तो. कोशाचा आंगचाच रंग आहे. ऑरेंज काऊन लिवलं

राहुल दादा: पिंकी फोटो केव्हा अन् कुठं काढला ते सांग पहिले

पिंकी: काल रात्री स्वयंपाक झाल्यावर, आतल्या खोलीत पलंगावर टाकून

राहुल दादा: म्हणजे तो पिवळा बल्ब. मी इथं नागपुरात स्टुडिओत रोज हेच पाहतो, पिवळ्या बल्बखाली बदामी कपडा नारंगी होते, पांढरा पिवळा होते, अन् निळा मळकट. आपल्या डोळ्याले ते जाणवत नाही कारण डोळा सवय करून घेते, पण फोटो दुसऱ्या घरी दुसऱ्या उजेडात पाहिला की लगेच दिसते. मागच्या दिवाळीतली ओढणी आठवते का? बाईनं सोनेरी समजून घेतली, हातात बदामी आली, परत पाठवली, जायचं यायचं कुरिअर आपल्याच डोक्यावर बसलं

सुधाकाकू: ते नको आठवू आता 😤

राहुल दादा: उद्या सकाळी 9 च्या आसपास ओसरीत काढ, उन्हात नको, सावलीत. बल्ब बंद ठेव, नाहीतर अर्धी साडी पिवळी अन् अर्धी निळी येते. खाली ती हिरवी चादर नको, तिचा रंग कपड्यावर चढते

पिंकी: हाव दादा

(दुसऱ्या दिवशी)

पिंकी: 📷 घे, ओसरीतला. पण आता तं राखेसारखी दिसून राहिली, काल बरी होती यापेक्षा

आत्या: खरंच गं, पोतं वाटते

राहुल दादा: हे होणारच होतं. तू अख्ख्या फोटोत नुसता कोसा भरला. फोनले दुसरं काही दिसलं नाही तं त्याले वाटते की उजेडच पिवळा आहे, अन् तो आपल्या मनानं पिवळेपणा काढून टाकते. वरून सावलीत आभाळाचा निळा उजेड येते तो वेगळाच. आता एक काम कर, साडीच्या बाजूले झेरॉक्सचा कोरा कागद ठेव, वहीचं पान नको ते जुनं झालं की पिवळट असते. कागद अन् साडी दोन्हीवर सारखाच उजेड पडला पाहिजे. मग फोटो उघडून एडिटमधे ते वॉर्मथ का काय लिहिलेलं असते ते एवढंच सरकव की कागद ना पिवळा दिसला पाहिजे ना निळा. बाकी कशाले हात लावू नको, रंग भडक करायचं तं बिलकुलच नाही. कागद बरोबर आला की साडी आपोआप जवळपास बरोबर येते. मग कागद कापून टाक

पिंकी: 📷 हे पाहा. आता साडी बाजूले ठेवून पाहिली, जमलं वाटते

मोठेबाबा: हा आपला कोसा

बंटी काका: मले तं अजूनही नारंगीच दिसते बुवा

आत्या: मले चांगली दिसून राहिली

राहुल दादा: बंटी काका तुमच्या फोनवर डोळ्याचा मोड चालू आहे का? रात्री स्क्रीन पिवळी होते तो

बंटी काका: हाव वाटते. पोट्ट्यानं लावून देल्ला होता, झोप येत नाही म्हणून

बंटी काका: बंद केला. आता बदामी दिसते 🙏

राहुल दादा: घेणाऱ्याच्या फोनचंही असंच राहीन, कोणाची स्क्रीन भडक, कोणाची फिकी. म्हणून फोटो कितीही चांगला असला तरी रंग शब्दातबी लिहायचा. अन् "गोल्डन" असा नाही, त्यातून काहीच समजत नाही. लोकायच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू सांगायची

सुधाकाकू: मधासारखा म्हणा मग

आत्या: मध तं तांबडा असते. हा फिका आहे, सोललेल्या नाही, न सोललेल्या बदामासारखा, त्याच्याहून जरासा उजळ

मोठेबाबा: चाय मधे दूध जास्त झालं तसा

पिंकी: 😂 मोठेबाबा बरोबर आहेत पण लिहू कसं

मोठेबाबा: एक अजून लिही. कोशाचा धागा थोडा चपटा असते, म्हणून एका बाजूनं पाहिलं तं चमकते अन् दुसऱ्या बाजूनं पाहिलं तं गडद दिसते. एकाच फोटोत लोकायले वाटन की अर्धी साडी फिकी पडली

राहुल दादा: बरोबर, म्हणून दोन फोटो टाक, एक समोरून अन् एक खिडकीकडून तिरपा

राहुल दादा: अन् पिंकी तो काठ. फोटोत नुसती लाल पट्टी दिसते, त्यात विणकाम दिसतच नाही. गडद लालले फोन असाच सपाट करते. काठावर बोट ठेवून उजेडाची ती खूण थोडी खाली ओढ अन् पुन्हा काढ. अन् फोटो ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, असा टाकला तं दाबून येते, झूम केलं की धुरकट

पिंकी: 📎 karvati_kath.jpg

मोठेबाबा: आता काठावरचे करवतीसारखे दाते दिसले. काठाचा रंगबी लाल नाही तो, मरून आहे, जांभळ्याकडं झुकलेला

(इथं थोडा वेळ बंटी काकाच्या धानाच्या भावावरून वेगळीच चर्चा चालली, ते सोडून द्या)

मोठेबाबा: पिंके, "प्युअर सिल्क" काढ तिथून

सुधाकाकू: काऊन? कोसा सिल्क नाही का?

मोठेबाबा: आंग कोशाचं आहे. काठ सुताचा आहे, मर्सराइज केलेला. करवती तशीच असते. आंगाचा धोटा वेगळा अन् दोन्ही काठाचे दोन वेगळे, तीन धोट्यानं विणतो आपण. करवतीच्या दात्यात कोशाचा धागा अन् सुताचा धागा एकमेकात अडकवलेला राहते. मग पूर्ण सिल्क कसं म्हणणार

सुधाकाकू: पण भाऊजी, साईटवर सगळे प्युअर सिल्कच लिहितात, आपलंच पडून राहीन

मोठेबाबा: लिहू दे. त्या बाईनं काठाचा धागा जाळून पाहिला तं काय सांगशील

पिंकी: जाळून?

मोठेबाबा: पदराच्या दशीतला एकेक धागा काढ, साडीले हात लावू नको. चिमट्यात धर, खाली ताट ठेव. कोसा जळला की केस जळल्यासारखा वास येते अन् काळी राख बोटानं चुरली जाते. सूत कागदासारखं जळते. पॉलिस्टर असलं तं वितळते अन् टोकाले कडक गोळी होते. दशीत फक्त उभा धागा सापडते, ताण्याचा, आडवा धागा पदराच्या काठावरून निघाला तं पाहा, दोन्ही वेगळे पाहायचे. कधी कधी बाणा कोशाचा अन् ताणा दुसराच असते

पिंकी: केलं. आंगाचे दोन्ही धागे केसासारखे वास आले, काठाचा कागदासारखा. आजी म्हणते घरात काय जाळून राहिली बाई

मोठेबाबा: मग ठीक. सूत तं मीच आणलं होतं, मले माहीत आहे, पण तुलेबी माहीत पाहिजे

राहुल दादा: फोटोवरून कोसा आहे का नायलॉन हे कोणालेच सांगता येत नाही, मलेही नाही. चमक सारखीच पकडता येते. म्हणून मटेरियल माहितीवरून लिहायचं, फोटोवरून नाही

आत्या: अन् ते "डिफेक्ट नाही"? मले तिसऱ्या फोटोत पदराजवळ गाठी गाठी दिसून राहिल्या

मोठेबाबा: त्या गाठी धाग्याच्याच आहेत, जाड बारीक. कोशात असतेच. तो दोष नाही, पण लिहा, नाहीतर नवीन माणूस दोष समजते

राहुल दादा: साडी दोघांनी धरून खिडकीसमोर उजेडाविरुद्ध धरा, पूर्ण, हातभर हातभर सरकवत. धागा तुटला असन तं उजेडाची रेघ दिसन

पिंकी: दोन गोष्टी सापडल्या 😔 पदरापासून अंदाजे 14 इंचावर एक बारीक रेघ, दीड इंच लांब, उजेड आरपार दिसते. अन् निऱ्यांच्या भागात एक तपकिरी डाग, मेथीच्या दाण्याएवढा, घडीवर

मोठेबाबा: रेघ म्हणजे आडवा धागा सुटला. विणतानाच राहिलं, माझ्याच हातचं. डाग संदुकीच्या कडीचा असन, गंज. दोन वर्षं पडली होती ती त्या पेटीत

सुधाकाकू: डाग आत जाते नेसल्यावर, कशाले दाखवायचा? फोटो थोडा कापला की झालं

पिंकी: काकू तो डाग घडी उघडली की पहिले तोच दिसते

राहुल दादा: कापू नको. उलट त्याचा जवळून फोटो काढ अन् बाजूले रुपयाचं नाणं ठेव, नाहीतर फोटोत मेथीचा दाणा पेरूएवढा वाटते. रेघेचा फोटो खिडकीसमोरचाच टाक, सपाट ठेवून तं ती दिसणारच नाही

आत्या: अन् धुवून पाहू नको गं, गंजाचा डाग साबणानं निघत नाही

सुधाकाकू: मग किंमत?

मोठेबाबा: कमी कर. तेवढी सूट देऊ

पिंकी: "एकदम नवीन" पण काढते, न वापरलेली पण दोन वर्षं घडीत ठेवलेली असं लिहिते. पाहा आता:

"हातमागावर विणलेली करवती साडी, भंडारा जिल्हा. आंग कोसा (टसर), ताणा-बाणा दोन्ही. काठ मर्सराइज सुती, मरून, करवतीच्या दात्यांचा. आंगाचा रंग न रंगवलेला, न सोललेल्या बदामापेक्षा थोडा उजळ. उजेडाच्या दिशेप्रमाणे फिका-गडद दिसतो. धाग्यात जाड-बारीक गाठी आहेत, त्या कोशाच्या असतात. न वापरलेली, दोन वर्षं घडीत ठेवलेली. दोष: पदराच्या टोकापासून सुमारे 14 इंचावर दीड इंच लांबीची सुटलेली आडवी रेघ (फोटो 5), निऱ्यांच्या भागात घडीवर मेथीच्या दाण्याएवढा गंजाचा डाग (फोटो 6). फोटो दिवसाच्या सावलीत काढलेले. स्क्रीनप्रमाणे रंग थोडा बदलू शकतो."

राहुल दादा: लांबी राहिली

मोठेबाबा: टेपनं मोज, अंदाजानं नको. अन् ब्लाउज पीस नाही तिच्यात, तेबी लिही, बाया पहिले तेच विचारतात

पिंकी: मोजली, साडेपाच मीटरले दोन इंच कमी. टाकून देते

सुधाकाकू: त्या हिरव्या काठाच्या दोन आहेत ना अजून पेटीत?

पिंकी: हाव, उद्या 9 ले काढते. काकू तुम्ही कागद धरून उभ्या राहा अन् कोंबड्या हाकला, आज दोन फोटोत कोंबडी आली होती 🐔