कॅम्पसची ऑफर, दोन वर्षांचा बाँड आणि कन्फर्मेशननंतरचा पगार: सही करावी का?

मिरजेचा_आयटीवाला:
फायनल इयर आयटी. पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आलीय, साडेचार लाखांचं पॅकेज. पहिले सहा महिने ट्रेनिंग, तेव्हा फक्त १५,००० स्टायपेंड, पूर्ण पगार कन्फर्मेशननंतर. दोन वर्षांचा बाँड, मधे सोडलं तर दीड लाख भरायचे. सोमवारपर्यंत सही मागतायत. कॉलेजचा नियम आहे की एक ऑफर नाकारली की पुढच्या ड्राइव्हला बसता येत नाही. घरी बाबा म्हणतात घे, मित्र म्हणतात बाँडवाली कंपनी नकोच. काय करू?

निखळ_मत:
अजिबात सही करू नकोस. असले बाँड बेकायदा असतात, करार कायद्याच्या कलम २७ मधे सरळ लिहिलंय की कोणाला धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. आणि समजा केलीस सही, तरी सोडून जा बिनधास्त, कोर्टात कोण जातंय फ्रेशरच्या मागे.

ट्रेनिंगवाली_ताई:
मी अकरा वर्षं एका मध्यम कंपनीत फ्रेशर्सच्या बॅचेस घेतेय, म्हणून दुसरी बाजू सांगते. पहिले चार-पाच महिने मुलांकडून बिलेबल काम होत नाही. दहा जणांच्या बॅचमागे एक सीनियर माणूस पूर्णवेळ अडकतो, त्याचा प्रोजेक्ट थांबतो. मागच्या एका बॅचमधली चार मुलं सातव्या महिन्यात, आम्ही शिकवलेल्या टूलच्या जोरावर, दुसरीकडे गेली. त्यानंतर मॅनेजमेंट म्हणालं, फ्रेशर घेऊच नका, दोन वर्षं अनुभववाले घ्या. म्हणजे नुकसान शेवटी पुढच्या बॅचच्या मुलांचं झालं. बाँड म्हटलं की लगेच गुलामगिरी म्हणणं मला पटत नाही.

कामगार_वकील_पुणे:
निखळ, अर्धं बरोबर आहे तुमचं. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जाऊच नको असं लिहिलं असेल तर तिथे कलम २७ आडवं येतं. पण "अमुक काळ काम कर, नाहीतर ठराविक भरपाई दे" हे त्यात आपोआप बसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमधे तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड कायम ठेवला. मात्र तो सरकारी बँकेतला सीनियर मॅनेजर होता, त्याचा पगार आणि बँकेला पुन्हा जाहिरात काढून भरती करायचा खर्च, दोन्ही कोर्टाने बघितलं. १५,००० स्टायपेंडवाल्या मुलाला तो निकाल जसाच्या तसा लागेल असं मी म्हणणार नाही, पण "बाँड म्हणजे रद्दी कागद" समजून बसणं महागात पडेल.

दुसरी गोष्ट, कलम ७४. करारात दीड लाख लिहिले म्हणून दीड लाख मिळतातच असं नाही. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत कोर्ट वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. म्हणून कंपनीने ट्रेनिंगवर खरंच काय खर्च केला हे महत्त्वाचं. आणि कोर्ट कोणाला जबरदस्तीने कामावर बसवत नाही, प्रश्न फक्त पैशाचा राहतो.

कोल्हापूरची_डॉक्टर:
आमच्याकडेही हेच! सरकारी कॉलेजमधून एमबीबीएस केलं की एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख. मी पीएचसीत वर्ष काढलं, वाईट नव्हतं. करून टाक रे.

कामगार_वकील_पुणे:
डॉक्टर, तुमचा बाँड सरकारी फीच्या सवलतीबद्दल असतो. इथे मुलगा स्वतःची फी भरून शिकलाय, हा खाजगी नोकरीचा करार आहे, हिशोब वेगळा.

चाकणचा_पोरगा:
माझं सांगतो. मी बाँडवर सही केली होती, तेव्हा एचआर म्हणालेले की दोन वर्षं. ऑफर लेटरमधे होतं "कन्फर्मेशनच्या तारखेपासून दोन वर्षं" आणि मी ते वाचलंच नव्हतं. सहा महिने ट्रेनिंग, मग परफॉर्मन्स समाधानकारक नाही म्हणून आणखी तीन महिने वाढवलं, त्या नऊ महिन्यांतला एकही दिवस बाँडमधे धरला नाही. दोनाचे पावणेतीन झाले. वर ओरिजिनल मार्कशीट आणि दोन कोरे सही केलेले चेक त्यांच्याकडे. वडिलांचं ऑपरेशन निघालं, गावाकडे परतायचं होतं, राजीनामा दिला तर वकिलाची नोटीस आली. शेवटी साठ हजारांवर मिटलं, पण मार्कशीट हातात यायला चार महिने लागले आणि त्यात एक चांगली नोकरी हातची गेली. पैशापेक्षा तेच जास्त लागलं मनाला.

कामगार_वकील_पुणे:
हे सगळ्यांनी नीट वाचा. बाँड कधीपासून मोजायचा ही एक ओळ दीड लाखाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. आणि कोरा चेक कधीही देऊ नका, त्यावर आकडा टाकून तो बाउन्स झाला की प्रकरण चेक बाउन्सच्या कलम १३८ खाली जातं, तिथे फौजदारी केस होते आणि तुमची धावपळ सुरू. ओरिजिनल कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत घरी.

हिशोबी_माणूस:
मला बाँडपेक्षा साडेचार लाखांचीच काळजी वाटते. मिरजेच्या, ब्रेकअप बघितलास का? ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर ॲनेक्शर असतं.

मिरजेचा_आयटीवाला:
आता बघितलं. व्हेरिएबल ४५,०००. रिटेन्शन बोनस ५०,०००, बाँड पूर्ण झाल्यावर. कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी ८,६५८, इन्शुरन्स ६,०००. बेसिक महिना १५,०००.

हिशोबी_माणूस:
हे सगळे मिळून १,३१,२५८ होतात. साडेचार लाखातून वजा केले की ३,१८,७४२, म्हणजे महिन्याला साधारण २६,५६०. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात साडेचोवीस हजार. तेही सातव्या महिन्यापासून. ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षं नोकरी लागते, तू दोन वर्षांत निघालास तर ती पॅकेजमधे फक्त छापलेली राहते. व्हेरिएबल पूर्ण मिळेल असं धरू नकोस. पुण्यात रूम आणि मेस धरून बघ, पहिल्या सहा महिन्यांत घरून पैसे मागवावे लागतील.

ट्रेनिंगवाली_ताई:
रिटेन्शन बोनस पॅकेजमधे मोजणं मलाही चुकीचंच वाटतं, तो वेगळा सांगायला हवा. पण स्टायपेंडबद्दल मी कंपनीच्या बाजूने आहे, शिकत असताना पूर्ण पगाराची अपेक्षा धरू नये.

निखळ_मत:
ताई, मग शिकत असतानाचे महिने बाँडमधे का नाही धरायचे? तो आठवड्यात सहा दिवस तुमच्या ऑफिसात येतोय ना.

ट्रेनिंगवाली_ताई:
धरायला हवेत. आमच्याकडे जॉइनिंगपासूनच मोजतात. सगळीकडे नाही, मान्य.

कामगार_वकील_पुणे:
मिरजेच्या, सोमवारच्या आत टीपीओंना सीसीत ठेवून एचआरला ईमेल कर, फोनवर नको. चारच गोष्टी विचार. बाँड जॉइनिंगच्या तारखेपासून धरणार का. ट्रेनिंग जास्तीत जास्त किती वाढू शकतं आणि तेव्हा पगार काय. रक्कम दर महिन्याला कमी होणार का, म्हणजे २४ महिन्यांत दीड लाख तर महिन्याला ६,२५०, अठरा महिन्यांनी सोडलं तर ३७,५०० उरतात. आणि कंपनीनेच काढलं किंवा कन्फर्म केलंच नाही, तर बाँड संपतो का. उत्तर लेखी आलं आणि कागदात तसं लिहून दिलं तर माझ्या मते घ्यायला हरकत नाही. पाचशेच्या स्टॅम्प पेपरची सही केलेली कॉपी मात्र तुझ्याकडे राहिली पाहिजे.

निखळ_मत:
माझं अजून नाहीच. ज्या कंपनीला माणूस टिकवायला चेक लागतो ती पगार वाढवताना हात आखडणारच.

मिरजेचा_आयटीवाला:
टीपीओ सरांशी बोललो, ते म्हणाले असे प्रश्न विचारलेस तर कंपनी पुढच्या वर्षी कॉलेजला यायची नाही. तरी ईमेल पाठवलाय. एचआरचं उत्तर आलं, जॉइनिंगपासून धरतो म्हणाले, ट्रेनिंग तीन महिन्यांपेक्षा जास्त वाढवत नाही असंही लिहिलंय. रक्कम कमी होण्याबद्दल काहीच लिहिलं नाही. उद्या परत विचारतो.

चाकणचा_पोरगा:
विचार. आणि चेक मागितले का तेही सांग इथे.